हॉटेलच्या बिलाच्या स्क्रीनशॉटवरून मित्रांमध्ये वाटणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रुपवर बिलाचा स्क्रीनशॉट येतो, खाली कुणीतरी विचारतं, "किती किती झाले?" आणि मग टॅक्स, सर्व्हिस चार्ज आणि एकानेच खाल्लेले पदार्थ यांवर गाडी अडते. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळीकडे एकच बिल उदाहरणाला घेतलं आहे. आकडे कोणत्याही चलनातले समजा.

अ, ब, क आणि ड असे चौघं जेवले. सगळ्यांनी मिळून खाल्लेले पदार्थ चार, त्यांची किंमत ४८०, ६२०, ५४० आणि १६०, म्हणजे १८००. अ ने फक्त स्वतःसाठी एक पदार्थ ४५० चा आणि एक पेय १५० चं घेतलं, म्हणजे ६००. पदार्थांची बेरीज २४००. त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज २४०. या २६४० वर ५ टक्के टॅक्स १३२. भरायची रक्कम २७७२.

१. सरळ चार भाग केले तर काय बिघडतं?

सगळ्यांनी साधारण सारखंच खाल्लं असेल तर काहीच बिघडत नाही, आणि तेव्हा सरळ भागच करावेत. पण वरच्या बिलात २७७२ चे चार भाग केले की प्रत्येकी ६९३ येतात. ब, क आणि ड यांचा खरा वाटा ५१९.७५ आहे (कसा ते प्रश्न २ मध्ये). म्हणजे तिघांनी प्रत्येकी १७३.२५ जास्त भरले आणि अ चे ५१९.७५ वाचले. अ ने हे मुद्दाम केलेलं नसतं, तरी पुढच्या वेळी ब काहीतरी कारण काढून येत नाही. त्यामुळे एकाचे स्वतःचे पदार्थ एकूण बेरजेच्या दहाव्या हिस्स्याहून जास्त असतील तर ते वेगळे काढावेत असं आम्हाला वाटतं. त्याहून कमी असतील तर ग्रुपने आपसात ठरवावं.

२. टॅक्स आणि सर्व्हिस चार्ज धरून बरोबर वाटा कसा काढायचा?

टॅक्स आणि सर्व्हिस चार्ज वेगवेगळे वाटत बसू नका. भरलेल्या रकमेला पदार्थांच्या बेरजेने भागा. येणारा आकडा हा त्या बिलाचा गुणक. आपल्या बिलात २७७२ ÷ २४०० = १.१५५. याचा अर्थ, मेनूवर १०० दिसणारी गोष्ट टेबलावर येईपर्यंत ११५.५० ला पडली.

आता प्रत्येकाच्या पदार्थांची मेनूवरची किंमत काढा. सामाईक १८०० चे चार भाग, प्रत्येकी ४५०. ब, क आणि ड यांचे तेवढेच. अ चे ४५० अधिक ६००, म्हणजे १०५०. प्रत्येक आकड्याला १.१५५ ने गुणा: ब, क आणि ड यांचे प्रत्येकी ५१९.७५ आणि अ चे १२१२.७५. चौघांची बेरीज करून बघा, २७७२ यायलाच हवी. ही शेवटची बेरीज कधीही टाळू नका, कारण बहुतेक चुका तिथेच सापडतात.

गुणक मध्येच दोन दशांशांवर आणू नका. १.१५५ चं १.१६ केलं की बेरीज २७८४ होते आणि १२ कुठून आले ते कुणालाच सांगता येत नाही.

३. अ चे ६०० आधी वजा केले आणि उरलेले चौघांत वाटले. हे चुकीचं आहे का?

हो, आणि सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. २७७२ मधून ६०० काढले की २१७२ उरतात, चौघांत ५४३. मग अ चे ११४३ होतात आणि बाकीच्यांचे ५४३. दिसायला ठीक दिसतं, पण वजा केलेले ६०० हे मेनूवरचे होते. त्या ६०० वर लागलेला सर्व्हिस चार्ज आणि टॅक्स, मिळून ९३, मागेच राहिला आणि चौघांवर पडला. ब, क आणि ड यांनी प्रत्येकी २३.२५ अशा पदार्थावरचे भरले ज्याला त्यांनी हातही लावला नाही.

वजाबाकीच करायची असेल तर आधी गुणक लावा: ६०० × १.१५५ = ६९३. मग २७७२ − ६९३ = २०७९, चौघांत ५१९.७५. उत्तर प्रश्न २ चंच येतं.

४. स्क्रीनशॉटमधले आकडे बरोबर वाचलेत हे कसं कळणार?

पदार्थांच्या ओळींची स्वतः बेरीज करा आणि बिलावरच्या सबटोटलशी ताडून बघा. जुळली तरच पुढे जा. जुळली नाही तर फरकाकडे नीट बघा, कारण चूक कुठे आहे ते बऱ्याचदा फरकच सांगतो.

फरक एखाद्या ओळीच्या रकमेइतकाच असेल आणि तुमची बेरीज जास्त असेल, तर ती ओळ दोनदा घेतली गेली. लांब बिल दोन स्क्रीनशॉटमध्ये काढलं की पहिल्याची शेवटची ओळ दुसऱ्याच्या वरच्या टोकाला पुन्हा येते. बेरीज तेवढीच कमी असेल तर दोन स्क्रीनशॉटच्या मधली ओळ सुटली.

फरकाला ९ ने नि:शेष भाग जात असेल तर दोन अंक उलटे वाचल्याचा संशय घ्या. ५४० चे ४५० वाचले की फरक ९०. एखादं शून्य गळालं तरी फरक ९ च्या पटीतच येतो, जसं ४८० चे ४८.

याशिवाय बिलावर नग, दर आणि रक्कम असे तीन रकाने असतात. घाईत दर घेतला जातो. नग दोन आणि दर ८० असेल तर घ्यायचे १६०.

५. फोनवर चित्रातला मजकूर निवडून कॉपी केला, तर सगळी नावं वर आणि सगळे आकडे खाली आले. आता?

फोन बिल रकान्यांप्रमाणे वाचतो, त्यामुळे असं होतं. आकड्यांचा क्रम बहुधा बरोबर असतो, पण ज्या पदार्थाचं नाव दोन ओळींत मोडलं आहे तिथून पुढे नाव आणि रकमेची जोडी एकने सरकते. नावं सात आणि आकडे सहा आले तर हेच झालंय. अशा वेळी हाताने टाइप करणं जास्त भरवशाचं, सहा-सात ओळींना वेळ लागत नाही. आणि चित्र ग्रुपवर पाठवताना शक्य असेल तर फाइल म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेलं की ते दाबलं जातं आणि बारीक छपाईत ३ आणि ८, १ आणि ७ सारखेच दिसायला लागतात. दशांशचिन्ह तर पार नाहीसं होतं.

६. टॅक्स सर्व्हिस चार्जवर लागलाय की फक्त पदार्थांवर, हे कसं ओळखायचं? आणि त्याने वाटा बदलतो का?

टॅक्सचा टक्का दोन्ही रकमांवर लावून बघा. आपल्या बिलात २४०० चे ५ टक्के १२० आणि २६४० चे ५ टक्के १३२. बिलावर १३२ आहे, म्हणजे टॅक्स सर्व्हिस चार्ज धरून लागला.

वाटा काढण्यासाठी मात्र हे कळायची गरज नाही. गुणक शेवटच्या रकमेवरून काढलेला असल्यामुळे कोणता आकार कशावर लागला हे त्यात आपोआप येतं. टक्के हाताने लावत गेलात तरच इथे घसरायला होतं: १० आणि ५ मिळून १५ टक्के धरले की गुणक १.१५ होतो, खरा १.१५५ आहे, आणि २७७२ ऐवजी २७६० येतात. उरलेले १२ मग बिल भरणाऱ्याच्या खिशातून जातात.

७. बिलावर टॅक्सची ओळ आहे, पण ती मिळवली की एकूण रक्कम जुळत नाही.

मेनूवरच्या किमतींत टॅक्स आधीच धरलेला असावा. तेव्हा बिलावरची टॅक्सची ओळ फक्त माहितीसाठी असते. समजा पदार्थांची बेरीज २४००, सर्व्हिस चार्ज २४०, टॅक्स ११४.२९ आणि एकूण २६४० असं छापलंय. २४०० मध्ये ५ टक्के टॅक्स आतच धरला तर तो २४०० × ५ ÷ १०५, म्हणजे ११४.२९ होतो. तो परत मिळवायचा नाही. गुणक २६४० ÷ २४०० = १.१०.

८. एक पदार्थ तिघांनीच खाल्ला, एक दोघांनी. एवढं सगळं कसं मांडायचं?

ओळीनुसार मांडा. प्रत्येक ओळीपुढे ती कुणाकुणाची हे लिहा आणि त्या ओळीची रक्कम तेवढ्याच जणांत वाटा. अ ची स्वतःची ओळ म्हणजे फक्त एकाच्या नावावर असलेली ओळ, त्यासाठी वेगळा नियम लागत नाही. मग प्रत्येकाच्या नावावर आलेले तुकडे एकत्र करा आणि शेवटी एकदाच गुणक लावा. नगावर येणाऱ्या गोष्टी माणसांवर न वाटता नगावर वाटल्या तर जास्त बरोबर होतं, पण कुणी किती घेतले हे टेबलावरच लक्षात ठेवलं असेल तरच. नंतर आठवून मोजायला गेलात की वाद ठरलेला.

स्प्रेडशीटमध्ये हे फार सोपं पडतं. स्तंभ A मध्ये पदार्थ, B मध्ये रक्कम, C ते F मध्ये चार मित्र. ज्याने खाल्लं त्याच्या खाली 1, बाकी रिकामं. G मध्ये त्या ओळीतल्या 1 ची बेरीज. आपल्या बिलाच्या सहा ओळी 2 ते 7 मध्ये, B8 मध्ये पदार्थांची बेरीज आणि B9 मध्ये भरलेली रक्कम. मग C10 मध्ये हे लिहा आणि F10 पर्यंत ओढा:

```
=SUMPRODUCT(C2:C7/$G$2:$G$7,$B$2:$B$7)*$B$9/$B$8
```

शून्याने भागल्याची चूक दाखवली तर एखाद्या ओळीत कुणाच्याच नावाखाली 1 नाही. काही भाषांच्या सेटिंगमध्ये स्वल्पविरामाच्या जागी अर्धविराम लागतो.

९. अ ने स्वतःसाठी मागवलेल्या पदार्थातले दोन घास सगळ्यांनी घेतले. मग तो सामाईक झाला का?

हा प्रश्न गणिताचा नाही, पण सगळ्यात जास्त विचारला जातो. आमचं मत स्पष्ट आहे: ज्याने मागवला त्याचा. चव बघायला घेतलेल्या घासाने पदार्थ सामाईक होत नाही. ताट मध्यभागी ठेवून सगळे त्यातून वाढून घेत असतील तरच तो सामाईक. हे जेवतानाच एका वाक्यात ठरवून टाकावं, "हे माझ्याकडे धर". दुसऱ्या दिवशी स्क्रीनशॉटवर बोट ठेवून विचारलं की आग्रह करून वाढणाराही दुखावतो आणि खाणाराही.

१०. उत्तरं दशांशात आली. पूर्ण आकड्यात आणताना एक कमी-जास्त होतंय, ते कुणी भरायचं?

५१९.७५ चे ५२० आणि १२१२.७५ चे १२१३ केले की बेरीज २७७३ होते, एक जास्त. पद्धत सोपी ठेवा: ज्याने बिल भरलं तो सोडून बाकीच्यांचे आकडे पूर्णांकात आणा, भरणाऱ्याचा वाटा म्हणजे उरलेली रक्कम. अ ने बिल भरलं असेल तर तिघांकडून ५२० प्रमाणे १५६० येतील आणि अ चा वाटा १२१२. पैसे आधी त्याचे अडकले होते, तेव्हा हा एक त्याच्या बाजूने गेला तर कुणी हरकत घेऊ नये. बिलावरच राउंड ऑफची ओळ असेल तर तिचा वेगळा विचार करू नका, ती भरलेल्या रकमेत आणि म्हणून गुणकात आलेलीच आहे.

११. पूर्ण बिलावर सूट मिळाली. ती अ ला कमी आणि आम्हाला जास्त मिळायला नको का?

टक्क्यांतली सूट सगळ्या पदार्थांवर असेल तर ज्याचं बिल जास्त त्याला जास्त मिळते, आणि तेच बरोबर आहे, कारण त्याच्या पदार्थांमुळेच ती सूट तेवढी झाली. आपल्या बिलावर १० टक्के सूट लागली तर २१६० उरतात, त्यावर सर्व्हिस चार्ज २१६, टॅक्स ११८.८०, एकूण २४९४.८०, राउंड ऑफ होऊन २४९५. गुणक काढताना खाली सूट मिळण्याआधीची बेरीजच ठेवा: २४९५ ÷ २४००. त्याने गुणलं की ब, क आणि ड यांचे ४६७.८१ आणि अ चे १०९१.५६ येतात. शेवटचा पैसा प्रश्न १० प्रमाणे मिटवा.

सूट एखाद्याच पदार्थावर असेल तर मात्र ती आधी त्या ओळीतून वजा करा आणि कमी झालेली बेरीज गुणकाच्या खाली घ्या. आणि बिल भरणाऱ्याच्या कार्डावर नंतर कॅशबॅक आला तर तो त्याचा. त्याचा हिशेब कुणी मागू नये.

१२. पेयांवर वेगळ्या दराने टॅक्स आहे. एकच गुणक चालेल का?

नाही. एक गुणक वापरला तर जास्त टॅक्सचा भार पेय न घेणाऱ्यांवर सरकतो. बिलाचे दोन गट करा, प्रत्येकाचा गुणक वेगळा. समजा अ च्या १५० च्या पेयावर २० टक्के टॅक्स आहे, बाकीच्यांवर ५. पहिल्या गटाची बेरीज २२५०, सर्व्हिस चार्ज २२५, टॅक्स १२३.७५, मिळून २५९८.७५, गुणक १.१५५. पेयाचे १५०, सर्व्हिस चार्ज १५, त्या १६५ वर टॅक्स ३३, मिळून १९८, गुणक १.३२. एकूण बिल २७९६.७५. अ चे ९०० × १.१५५ म्हणजे १०३९.५० आणि पेयाचे १९८, एकूण १२३७.५०. बाकीच्यांचे ५१९.७५ च राहतात.

दोन दर आहेत हे बिलावर टॅक्सच्या ओळींवरून कळतं, पण दोन ओळी म्हणजे दोन दर असं नेहमीच नसतं. एकच टॅक्स दोन भागांत छापलेला असू शकतो. दोन्ही ओळी एकाच रकमेवर लागल्या असतील तर गट एकच.

१३. सर्व्हिस चार्ज टक्क्यांत नसून माणशी ठरावीक आहे.

मग तो गुणकात जाऊ देऊ नका. तो खुर्चीला लागलाय, ताटाला नाही. भरलेल्या रकमेतून तो बाजूला काढा, उरलेल्यावरून गुणक काढा, आणि शेवटी प्रत्येकाच्या वाट्यात सारखा मिळवा. त्यावरही टॅक्स लागला असेल तर टॅक्ससकट बाजूला काढा. स्वखुशीने ठेवलेली टीप बिलावर नसते. तिची सारखी वाटणी करावी, ठेवणाऱ्याने आधी विचारलं असेल तर.

१४. स्क्रीनशॉटमधली रक्कम आणि कार्डावरून गेलेली रक्कम वेगळी आहे. कोणती धरायची?

खरोखर खर्च झालेली. टेबलावर आणलेलं बिल आणि शेवटचं बिल यांत फरक पडतो, कारण मधल्या वेळात सर्व्हिस चार्ज काढून घेतला जातो किंवा एखादा पदार्थ वाढतो. त्यामुळे पैसे भरल्यावरचं बिल मागून त्याचाच स्क्रीनशॉट टाका.

एक सापळा मात्र लक्षात ठेवा. टेबल राखताना कुणी ५०० आगाऊ दिले असतील तर बिलावर शेवटी २२७२ दिसतात. ही सूट नाही. २२७२ वरून गुणक काढलात तर आगाऊ देणाऱ्याचे ५०० सगळ्यांत वाटले जातात. गुणक २७७२ वरूनच काढा आणि ५०० हे त्या माणसाने आधीच भरलेले म्हणून त्याच्या वाट्यातून वळते करा.

१५. चौघांपैकी एकाला आम्ही जेवण देत होतो. त्याचा वाटा कसा वाटायचा?

आधी प्रश्न २ प्रमाणे चौघांचे वाटे काढा, पाहुण्याचाही. मग पाहुण्याचा वाटा बाकीच्या तिघांत सारखा वाटा. पाहुणा ब असेल तर त्याचे ५१९.७५ तिघांत १७३.२५ प्रमाणे जातात: क आणि ड यांचे ६९३, अ चे १३८६. पाहुण्याचा भाग खाण्याच्या प्रमाणात वाटणारेही आहेत, पण जेवण देण्याचा आनंद तिघांचा सारखाच आहे, तेव्हा खर्चही सारखा असावा असं आमचं मत.

१६. पैसे भरून, वाटणी होऊन गेल्यावर लक्षात आलं की न मागवलेली १६० ची ओळ बिलात होती. किती परत मागायचे?

१६० नाही, १८४.८०, म्हणजे १६० × १.१५५. त्या ओळीवर सर्व्हिस चार्ज आणि टॅक्सही घेतला गेलाय, आणि काउंटरवर घाईत मेनूवरचीच किंमत परत मिळते. सुधारलेलं बिल छापून मागितलं तर हा फरक आपोआप सुटतो: पदार्थ २२४०, सर्व्हिस चार्ज २२४, टॅक्स १२३.२०, एकूण २५८७.२०. परत आलेले पैसे ती ओळ ज्यांच्या नावावर धरली होती त्यांनाच जातात. इथे ती सामाईक धरली होती, म्हणून चौघांना ४६.२० प्रमाणे. अ च्या नावावर असती तर सगळे त्याला.